नौ सय साठी

नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे ती आपल्याला वाचता येतेच असं वाटतं. काठमांडूच्या एका दुकानाचं दरपत्रक हिंदीत करून माझ्याकडे तपासायला आलं, तेव्हा मुळात एका शालीपुढे होतं, ‘नौ सय साठी रुपैयाँ’. सय म्हणजे हिंदीतलं सौ, आपलं शंभर. साठी म्हणजे साठ. मराठी डोळ्याला मात्र हा ‘साठी’ ‘घरासाठी’मधला वाटतो आणि नऊशेच उरतात.

हिंदी करणाऱ्याने आकडा बरोबर लिहिला होता, ‘९६० रुपये’. घोटाळा पुढच्या शब्दात होता. रुपैयाँ नेपाळचा, रुपये वाचणारा भारताचा. १९९३ पासून भारताच्या एका रुपयाला नेपाळचे १.६० असा ठरलेला दर आहे. म्हणजे शाल आपल्या ६०० रुपयांची, आणि गिऱ्हाईक ३६० जास्त समजणार.

उलटही होतं. नेपाळी माणूस ‘भारु’ लिहितो ते भारतीय रुपयासाठी, आणि ‘नेरु’ नेपाळीसाठी. ‘भारु ९६०’ मधला भारु गळला, तर नेपाळमधला वाचणारा १,५३६ ऐवजी ९६० धरतो. म्हणून मी आकड्याआधी भारु की नेरु ते बघतो. काहीच नसेल, तर दुकान कुठलं ते विचारतो आणि हिंदीत ‘नेपाली रुपये’ असं पूर्ण लिहायला लावतो.