डोंबिवलीचं घर विकलं, कल्याणला घेतलं, आणि मधल्या 38 लाखांची गोष्ट

पोस्ट थोडी मोठी आहे. पण ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात एक घर विकून दुसरं घेण्याच्या बेतात कुणी असेल तर दहा मिनिटं काढून वाचा. मी एका दिवसाच्या फरकाने वाचलोय.

लग्नाच्या वर्षी, म्हणजे 2004 साली, डोंबिवली पूर्वेला वन बीएचके घेतला होता. करारनामा 6 लाख 20 हजारांचा, मुद्रांक आणि नोंदणीचे मिळून 30 हजार. 20 नोव्हेंबर 2024 ला तो 48 लाखांना विकला. एजंटने 50 हजार घेतले आणि त्याची पावती दिली. (पावती मागताना त्याने असं पाहिलं की जणू मी त्याची किडनी मागतोय.) किंमत 50 लाखांच्या आत, त्यामुळे घेणाऱ्याने टीडीएस कापला नाही. टीडीएस नाही म्हणजे टॅक्स नाही, असं आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक समजतात. थोडा काळ मीही समजत होतो.

सीए मित्राने टेबलावर कागद पसरायला लावले. विक्रीचा करारनामा, त्याची इंडेक्स-टू, 2004 चा जुना करारनामा, एजंटची पावती. हिशोब सरळ निघाला. 48 लाखांतून एजंटचे 50 हजार गेले, राहिले साडेसत्तेचाळीस. त्यातून मूळ खर्च साडेसहा लाख वजा. नफा 41 लाख. 2016 साली लाद्या बदलल्या, ओटा नवा केला, त्याचे लाख-सव्वा लाख धरता आले असते, पण मिस्त्रीला रोख दिले होते आणि बिल नव्हतं. तो विषय तिथेच संपला.

23 जुलै 2024 पासून नियम बदललेत. घर त्याआधी घेतलेलं असेल तर दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहता येतो. महागाई निर्देशांक लावून 20 टक्के, किंवा न लावता साडेबारा टक्के. माझ्या बाबतीत साडेबाराचा थोडा कमी आला. 41 लाखांवर 5 लाख 12 हजार 500, वर 4 टक्के सेस. एकूण 5 लाख 33 हजार. माझ्यासारख्या पत्रकाराला हा आकडा ऐकून पाणी प्यावं लागतं.

कलम 54 इथे कामाला येतं. राहतं घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल आणि विकल्यावर दोन वर्षांत (किंवा विकण्याआधीच्या एका वर्षात) दुसरं राहतं घर विकत घेतलं, तर जेवढा नफा नव्या घरात गेला तेवढ्यावर कर नाही. स्वतः बांधणार असाल तर तीन वर्षं. पूर्ण 48 लाख घालायची गरज नाही, नफ्याचे 41 पुरतात. नव्या घराच्या खर्चात मुद्रांक शुल्क आणि नोंदणीही धरतात. सोफा, एसी, पडदे धरत नाहीत.

"दोन वर्षं आहेत ना, मग आरामात बघू." हे माझं वाक्य.

घाई न करण्याला कारणही होतं. मी घर विकलं त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला होता. महापालिकेची खोटी परवानगी दाखवून रेरा नोंदणी मिळवलेल्या त्या इमारती. मी स्वतः त्या बातम्या केल्या आहेत, हप्ते भरणाऱ्या माणसांशी बोललो आहे. त्यामुळे कल्याण पश्चिमेला एक टू बीएचके आवडला तरी मी मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, जुन्या मालकांच्या करारांची साखळी, सगळं मागत बसलो. साखळीतला एक करार सापडेना. मी 3 लाख टोकन दिलं होतं, बाकीचे पैसे बँकेत एफडी करून ठेवले होते. व्याज मिळतंय, पैसे सुरक्षित आहेत, आणखी काय पाहिजे?

सप्टेंबर 2025 मध्ये रिटर्न भरायला गेलो. त्या वर्षी मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पुढे ऐनवेळी आणखी एक दिवस मिळाला. मित्राने विचारलं, "उरलेले 38 लाख कुठे आहेत?" म्हटलं, एफडीत. तो म्हणाला, "अरे, एफडी चालत नाही."

कायदा असा आहे. घर घ्यायला दोन वर्षं आहेत, पण रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत जो पैसा नव्या घरात गेला नाही, तो त्या मुदतीच्या आत कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम, 1988 च्या खात्यात भरावा लागतो. साध्या बचत खात्यातला किंवा एफडीतला पैसा मोजत नाहीत. इतर काही राज्यांतल्या न्यायालयांनी याबाबत सैल भूमिका घेतली आहे. पण आपण मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीत येतो. 2016 चा त्याचा निकाल आहे, कलम 54एफ खालचा, पण अट तीच. त्या माणसाने घर मुदतीत घेतलं होतं, किंमत जवळपास 70 लाख. रिटर्न भरण्याआधी त्याने 35 लाख दिले होते, उरलेले या खात्यात ठेवले नव्हते. सूट फक्त 35 लाखांवर मिळाली.

माझ्यावर लावून पाहा. टोकनचे 3 लाख सुटले असते, 38 लाखांवर कर बसला असता, सेस धरून 4 लाख 94 हजार. आणि पुढे घर घेतलं असतं तरी!

दुसऱ्या दिवशी एफडी मोडली. आमच्या शाखेत सांगितलं, "साहेब, हे खातं इथे उघडत नाही." दुसऱ्या शाखेत तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि कपाटातून फॉर्म ए काढून दिला. टाइप ए म्हणजे बचतीसारखं, टाइप बी म्हणजे मुदत ठेवीसारखं. घर कधीही ठरू शकत होतं म्हणून मी ए घेतलं. चेकबुक नाही, कार्ड नाही. 15 तारखेच्या दुपारी 38 लाख जमा झाल्याची पावती हातात आली.

कराराची साखळी डिसेंबरात पूर्ण झाली. 12 जानेवारी 2026 ला नोंदणी. किंमत 58 लाख, मुद्रांक 7 टक्क्यांनी 4 लाख 6 हजार, नोंदणी 30 हजार. एकूण 62 लाख 36 हजार, वरच्या रकमेसाठी कर्ज. पैसे काढताना फॉर्म सी द्यावा लागतो, पुढच्या वेळी फॉर्म डी, आणि काढलेली रक्कम 60 दिवसांत घरासाठीच वापरायची.

नोंदणीच्या आधी मेहुणा म्हणाला, "भावोजी, ताईच्या एकटीच्या नावावर घ्या, मुद्रांकात एक टक्का सुटतो." म्हणजे 58 हजार. मोह झाला. पण जुनं घर माझ्या नावावर होतं, आणि 2008 मध्ये नागपूर खंडपीठाने दत्तक मुलाच्या नावे घेतलेल्या घरावर सूट नाकारली आहे. बायकोच्या नावाने सूट देणारे निकाल दिल्लीकडचे आहेत. 58 हजारांसाठी 5 लाख 33 हजार पणाला कोण लावणार? आधी माझं नाव, मग तिचं, असं दोघांच्या नावावर घेतलं. तिला हे समजावायला मात्र एक संध्याकाळ गेली.

आता हे घर तीन वर्षं विकायचं नाही. विकलं तर वाचवलेला नफा त्याच्या खरेदी किमतीतून वजा होतो आणि कर मागच्या दाराने परत येतो.

ते खातं अजून उघडंच आहे. त्यात फक्त व्याज उरलंय, त्यावर कर भरावा लागेलच. खातं बंद करायला फॉर्म जी आणि आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते. अर्ज देऊन झालाय, पुढच्या आठवड्यात पुन्हा चक्कर मारायची आहे.