एकवीस हजार सातशे साठ रुपयांचा फरक

आमच्या कार्यालयात अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी जी मुलं-मुली येतात, त्यांच्या अर्जावर एक ओळ हमखास असते: टॅली आणि एमएस ऑफिसचं ज्ञान. नाशिकमध्ये सनदी लेखापाल म्हणून काम करताना अंबड-सातपूरच्या कारखान्यांपासून मेन रोडवरच्या दुकानांपर्यंत अनेकांची पुस्तकं माझ्या टेबलावर येतात. ती लिहिणारी माणसं निवडायला मालक मंडळी बऱ्याचदा मलाच सांगतात. त्यामुळे बी.कॉम. झालेल्या मुलाला पहिली नोकरी कशावर मिळते आणि कशावर अडते, हे मी जवळून पाहते.

टॅली येणं ही आता गृहीत धरलेली गोष्ट आहे. F5 म्हणजे पेमेंट, F6 रिसीट, F7 जर्नल, F8 सेल्स, F9 पर्चेस या कळा आठवड्याभरात बोटांत बसतात. मुलाखतीला मी त्या विचारत नाही. लॅपटॉपवर एका हार्डवेअरच्या दुकानाची सरावाची पुस्तकं उघडून देते, शेजारी त्याच महिन्याचं छापील बँक स्टेटमेंट ठेवते आणि सांगते, बँक जुळवा.

टॅलीत बँकेची शिल्लक दिसते १,८४,३५० रुपये. स्टेटमेंटवर महिनाअखेरची शिल्लक आहे २,०६,११०. फरक २१,७६० रुपयांचा.

अकरावीपासून बँक जुळवणी पत्रक शिकलेली मुलं इथे अडखळत नाहीत. थोड्या वेळात चार कारणं सापडतात. एका पुरवठादाराला दिलेला ३२,००० चा चेक त्याने अजून बँकेत भरलेला नाही. एका गिऱ्हाइकाचा १५,००० चा चेक आपण भरला, पण वटलेला नाही. बँकेने ५९० रुपये चार्जेस कापलेत. आणि कुणीतरी ५,३५० रुपये एनईएफटीने परस्पर खात्यात टाकलेत. १,८४,३५० मध्ये ३२,००० मिळवा, १५,००० आणि ५९० वजा करा, ५,३५० मिळवा, २,०६,११० येतात. कागदावर हे मांडून मुलं म्हणतात, “मॅडम, जुळलं.”

मग मी विचारते, “आता टॅलीत काय बदललं?”

बरेच जण इथे थांबतात, कारण परीक्षेत पत्रक जुळलं की प्रश्न संपतो. दुकानात मात्र त्या चार रकमांपैकी दोन आपोआप सुटणाऱ्या असतात आणि दोन आपल्याला लिहाव्या लागतात. न वटलेले दोन चेक हा नुसता वेळेचा प्रश्न आहे. पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटवर ते दिसतील, तेव्हा टॅलीच्या बँक रिकन्सिलिएशनच्या पडद्यावर त्यांच्यासमोर बँकेची तारीख टाकायची, एवढंच काम. पण ५९० आणि ५,३५० यांची नोंद पुस्तकात मुळात नाहीच. ती केल्यावर टॅलीची शिल्लक १,८९,११० होते आणि मग फक्त दोन चेक शिल्लक राहतात. हे दोन गट ज्याला न विचारता वेगळे करता येतात, त्याला मी पुढच्या फेरीला बोलावते. बाकी उणिवा काम करता करता भरून निघतात.

आता त्या ५९० कडे जरा नीट पाहा. ते सगळेच बँक चार्जेस नाहीत. ५०० रुपये चार्जेस आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५ सीजीएसटी आणि ४५ एसजीएसटी. नोंदणीकृत व्यापाऱ्याला हे ९० रुपये क्रेडिट म्हणून मिळू शकतात. नव्या मुलाने पूर्ण ५९० खर्चात टाकले तरी बँक जुळते, कुणाच्या लक्षात येत नाही आणि महिन्यामागून महिने क्रेडिट बुडत राहतं.

५,३५० ची गोष्ट वेगळी. स्टेटमेंटवर पैसे पाठवणाऱ्या व्यक्तीचं नाव असतं आणि त्या नावाचं खातं टॅलीत सापडत नाही. मग तो आकडा सस्पेन्स खात्यात जातो. आपल्याकडे दुकानाचं नाव एक आणि मालकाच्या बँक खात्यावरचं नाव दुसरं, हे नेहमीचंच. म्हणून नाव शोधण्याआधी रक्कम शोधायची: येणे बाकीच्या यादीत नेमके ५,३५० रुपये कुणाकडे आहेत? एखादं बिल सापडलं तरी लगेच जमा करायचं नाही. मालकाला किंवा गिऱ्हाइकाला एक फोन करून खात्री करायची. तो फोन उमेदवार करू म्हणतो की नाही, हेही मी बघते. सस्पेन्समध्ये पडून राहिलेल्या रकमा वर्षअखेरीला ऑडिटच्या वेळी एकदम वर येतात आणि तोवर कुणालाच काही आठवत नसतं.

जुळवूनही फरक उरला, तर आकडा स्वतःच वाट दाखवतो. फरक १,१८० चा असेल तर त्याचा निम्मा ५९०, म्हणजे चार्जेस उलट्या बाजूला, जमेला गेलेत का ते पाहायचं. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झालीय का ते तपासायचं. ५,३५० ऐवजी ५,५३० लिहिलं की फरक पडतो १८० चा आणि १८० ला नऊने भाग जातो. ही खूण प्रत्येक वेळी खरी ठरत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते सांगते. चूक सापडल्यावर जुनं व्हाउचर पुसून टाकायची सवय मात्र लावून घेऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती सोय बंद करता येत नाही. त्यात कुणी काय बदललं, ते ऑडिटरला दिसतं. शिवाय रिटर्न भरून झालेल्या महिन्यातलं बिल परस्पर बदललं, तर पुस्तक आणि पोर्टल यांचा मेळ तुटतो.

पोर्टलचा विषय निघालाच आहे, तर एक्सेलबद्दल सांगते. दर महिना रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या कार्यालयात कामाच्या तारखा ठरलेल्या असतात. ७ तारखेला आधीच्या महिन्याचा टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १४ ला पोर्टलवर जीएसटीआर-२बी येतं आणि २० पर्यंत जीएसटीआर-३बी. १४ ते २० हे दिवस खरे धावपळीचे. पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेली बिलं २बी मध्ये असतात. २०२२ पासून नियम असा आहे की तिथे न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणून टॅलीतलं खरेदीचं रजिस्टर आणि २बी हे दोन्ही एक्सेलमध्ये घेऊन शेजारी शेजारी लावावे लागतात.

क्लासमध्ये शिकलेला VLOOKUP नेमका इथे अडतो. आपण बिल नंबर लिहिलेला असतो ४५, पोर्टलवर तोच असतो INV/045, आणि सूत्र म्हणतं सापडलं नाही. मग मुलं शेकडो बिलं डोळ्यांनी शोधायला बसतात. त्यापेक्षा आधी पुरवठादाराच्या जीएसटी नंबरप्रमाणे दोन्हीकडची कराची बेरीज SUMIFS ने काढावी. ज्यांची बेरीज जुळली त्यांना बाजूला ठेवावं आणि उरलेल्या मोजक्या पुरवठादारांचीच बिलं एकेक करून पाहावीत. बेरीज जुळली म्हणजे प्रत्येक बिल बरोबर आहे असं नाही, पण वेळ कुठे घालवायचा ते कळतं. एक्सेलमध्ये SUMIFS, XLOOKUP आणि पिव्हट टेबल इतकं पक्कं असेल, तर पहिल्या नोकरीला पुरतं.

हे सगळं करायला मिळेल की नाही, ते कुठल्या दारातून आत शिरता यावर ठरतं. व्यापाऱ्याकडे किंवा छोट्या कारखान्यात अकाउंट्स असिस्टंट म्हणून लागलात, तर बिलिंग, बँक, पगारपत्रक, व्यवसाय कर, पीएफ सगळंच थोडं थोडं हाताखालून जातं. मात्र सुधारून सांगणारं माणूस तिथे असेलच असं नाही. सीए किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयात पगार सुरुवातीला कमी असतो. पण एकाच वर्षात दवाखाना, ठेकेदार, किराणा, गृहनिर्माण संस्था अशी निरनिराळी पुस्तकं पाहायला मिळतात आणि चूक दुसऱ्या दिवशी कुणीतरी दाखवून देतं. जुलै ते ऑक्टोबर विवरणपत्रं आणि ऑडिटची घाई असते. त्याच्या थोडं आधी, मे-जूनमध्ये अर्ज घेऊन गेलं, तर अशा ठिकाणी विचार होण्याची शक्यता जास्त.

तिसरं दार पुण्यातल्या खराडी, हिंजवडी, मगरपट्ट्याकडच्या मोठ्या कंपन्यांच्या फायनान्स केंद्रांचं. तिथे पद असतं अकाउंट्स पेएबल किंवा रिसीव्हेबल असोसिएटचं आणि सॉफ्टवेअर बहुधा सॅप. काम अरुंद, पण शिस्तीचं. उदाहरणार्थ, खरेदी आदेश १०० नगांचा, गोदामाने उतरवून घेतले ९६ आणि बिल आलंय १०० चं. तीनही कागद जुळत नाहीत, म्हणून पैसे अडवून चार नगांचा खुलासा मागवायचा. सॅपमध्ये MIGO वर माल जमा होतो, MIRO वर बिल. हे शिकायला खिशातून मोठी फी भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सॅप खरं शिकलं जातं ते कंपनीने दिलेल्या लॉगिनवर. मुलाखतीत तीन कागदांची ही जुळणी नीट सांगता आली, तर फ्रेशरकडून तेवढी तयारी चांगली मानली जाते. इंग्रजी ईमेल नीट लिहिता येणं मात्र इथे अटळ.

सरावाला पैसे लागत नाहीत. टॅली प्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. त्यात महिन्याच्या ठरावीक दोन-तीन तारखांनाच नोंदी करता येतात, शिकायला तेवढं पुरे. ओळखीच्या दुकानदाराची एका महिन्याची बिलं आणि बँक स्टेटमेंट त्याच्या परवानगीने घ्या, नावं झाकून पूर्ण महिना लिहा आणि बँक जुळवा. महाराष्ट्रातल्या पुरवठादाराचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, त्याच्या बिलावर सहसा सीजीएसटी आणि एसजीएसटी असतो. गुजरातच्या २४ वाल्याच्या बिलावर आयजीएसटी. दुकानासाठी घेतलेला कॉम्प्युटर खरेदी खात्यात न जाता स्थिर मालमत्तेत जातो. अशा बारीक गोष्टी खरी बिलं हातात घेतल्यावरच दिसतात. मग अर्जावर “टॅलीचं ज्ञान” न लिहिता असं लिहा: एका हार्डवेअर दुकानाची एक महिन्याची पुस्तकं लिहिली, बँक आणि २बी जुळवलं. अशा ओळीवर मी नक्की पुढचा प्रश्न विचारते.

मुलाखतीत उमेदवारानेही दोन गोष्टी विचाराव्यात: तुमच्याकडे बँक कोण जुळवतं आणि रिटर्नची तयारी कोण करतं? दोन्ही कामं बाहेर दिली असतील, तर त्या जागेवर दिवसभर बिलं फाडणंच वाट्याला येईल. सहा महिन्यांनी ती कामं शिकवाल का, असं तिथेच विचारून घ्यावं. आणि नोकरी देण्यासाठी अनामत रक्कम मागणाऱ्या किंवा तुमच्या आधार-पॅनवर नवा जीएसटी नंबर काढू पाहणाऱ्या माणसाकडून, पगार कितीही सांगितला तरी, कागद परत घेऊन उठावं.