नाही म्हटलं तरी हो

"तुम्ही बायकोला मारणं सोडलंत का?" हा प्रश्न आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. 'हो' म्हणा, 'नाही' म्हणा, पूर्वी मारत होतात हे शिल्लक राहतंच. लपलेलं गृहीतक ओळखायची हीच खूण: दोन्ही उत्तरं देऊन पाहायची आणि दोन्हींत काय तसंच उरतं ते बघायचं. मराठीत 'अजून', 'पुन्हा', 'सोडलं' असे शब्द हे काम गुपचूप करतात. अर्थात गृहीतक असणं म्हणजे लबाडी नव्हे. 'कितव्या मजल्यावर राहता?' यातही घर असल्याचं धरलेलंच असतं, पण त्यावर कुणाचा वाद नसतो. वाद ज्यावर आहे तेच आधी धरून टाकलं की गडबड.

आमच्या सोसायटीत मध्यंतरी एक प्रश्नावली आली. 'भाडेकरू मुलांमुळे होणारा त्रास थांबवण्यासाठी काय करावे?' पर्याय तीन: ताकीद, दंड, किंवा अविवाहितांना जागाच देऊ नये. त्रास होतो का, हे कुठेच विचारलेलं नव्हतं! आणि तीन मुलांचं बिऱ्हाड या खुणांवर अवलंबून होतं.

मी खूण न करता समासात लिहिलं, 'मला त्रास झालेला नाही. आधी तो प्रश्न विचारा.' पण एवढ्याने भागत नाही. असे कागद 'अवैध' म्हणून बाजूला जातात आणि टक्केवारी उरलेल्यांवर काढली जाते. समजा ६० घरांपैकी २० जणांनी माझ्यासारखं केलं आणि उरलेल्या ४० पैकी ३० जणांनी तिसरा पर्याय निवडला. फलकावर लागणार '७५ टक्के सदस्यांचे मत', प्रत्यक्षात ६० पैकी ३०, म्हणजे निम्मेच. म्हणून सेक्रेटरींना वेगळं पत्र दिलं: कागद किती वाटले, किती परत आले, किती बाद केले, तेही निकालासोबत लावा.

शब्दांनी एवढा काय फरक पडतो, असं एका शेजाऱ्यांनी विचारलं. पडतो हो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. वेग विचारताना काहींना गाड्या 'धडकल्या' असं म्हटलं, काहींना त्याहून जोरदार शब्द वापरला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? साध्या शब्दाच्या ५० जणांपैकी ७ 'हो' म्हणाले, जोरदार शब्दाच्या ५० पैकी १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. 'त्रास' हा शब्द वाचून कुणाला काय काय आठवेल, कोण जाणे...

तोंडी वादात मात्र समास नसतो. "तुम्हाला विकास का नको?" असं कुणी विचारलं की बरेच जण 'प्रश्नच चुकीचा आहे' एवढंच म्हणतात, आणि ऐकणाऱ्यांना ती टाळाटाळ वाटते. मी दोन वाक्यांत बोलतो. "विकास नको असं मी म्हटलेलं नाही. ही झाडं न तोडता रस्ता पलीकडून नेता येतो, असं माझं म्हणणं आहे." दुसरं वाक्य तयार नसेल, तर पहिलं बोलून फारसं काही हाती लागत नाही.