सातवीच्या मुलांसाठी पावसाची बातमी

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीचा एक तास आठवड्यातून वर्तमानपत्रासाठी असतो. मुलांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलतात, बाजारात मराठी. त्यामुळे कानाला मराठी ओळखीची असली, तरी वर्तमानपत्राची मराठी त्यांना परकी वाटते. पहिले वाक्य संपण्याआधीच पेपर बाजूला जातो. म्हणून मी बातमी सोप्या मराठीत लिहून फळ्याशेजारी लावते. हे काम बसल्या बसल्या होईल असे पाहणाऱ्याला वाटते. ते तसे का नाही, हे एका बातमीवरून सांगते.

१५ एप्रिल २०२४, सोमवार. भारतीय हवामान विभागाने त्या दिवशी येत्या पावसाळ्याचा अंदाज जाहीर केला. वर्तमानपत्री मराठीत ती बातमी साधारण अशी उतरते : ‘नैऋत्य मोसमी पावसाच्या जून ते सप्टेंबर या कालावधीत देशभरात दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्के पर्जन्यमान राहण्याची शक्यता असून, या अंदाजात पाच टक्क्यांची कमी-अधिक तफावत संभवते, असे भारतीय हवामान विभागाने सोमवारी वर्तविले.’ पुढे दीर्घकालीन सरासरी म्हणजे ८७ सेंटीमीटर, वायव्य, पूर्व आणि ईशान्य भारताच्या काही भागांत पाऊस सरासरीपेक्षा कमी राहण्याची शक्यता, प्रशांत महासागरातला एल निनो, आणि मेअखेर सुधारित अंदाज येणार, एवढा मजकूर.

त्या सुमारास बी.एड.चे काही विद्यार्थी सराव पाठांसाठी शाळेत आले होते. त्यांपैकी एकाने हीच बातमी मुलांसाठी सोपी करून आणली. तिची पहिली दोन वाक्ये अशी होती : ‘या वर्षी भरपूर पाऊस पडणार आहे. शेतकरी आनंदात आहेत.’ वाक्ये छोटी, शब्द सोपे. मुलांनी घडाघडा वाचले. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “टीचर, मग अब्बांना सांगू का, पेरणी लवकर करा म्हणून?”

तिच्या अब्बांची थोडी कोरडवाहू जमीन आहे. प्रश्न खराच होता. मूळ बातमीत पाऊस कधी येणार, आपल्या तालुक्यात किती पडणार, याबद्दल एक अक्षरही नाही. चार महिन्यांचा, सगळ्या देशाचा मिळून तो आकडा आहे. पेरणीसाठी कृषी विभाग वेगळेच सांगतो : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय पेरू नका. पहिल्या सरीवर पेरले आणि मग पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणीचे बियाणे पुन्हा विकत घ्यावे लागते. सोप्या केलेल्या दोन वाक्यांनी त्या घरापर्यंत चुकीचा निरोप गेला असता.

त्या मुलाने खोटे काही लिहिले नव्हते. फक्त ‘शक्यता’ गेली आणि ‘पडणार आहे’ आले. ‘देशभरात’ गेले. सहा टक्के जास्त याचे ‘भरपूर’ झाले. कोण सांगते आहे, हेही गेले. आणि शेतकऱ्यांचा आनंद मूळ बातमीत नव्हताच, तो वरून आला. मुलांसाठी लिहायचे म्हटले की थोडा गोडवा घालावासा वाटतो, तिथे ही भर पडते. माझ्या मते गाळण्यापेक्षा हे घालणेच जास्त घातक, कारण गाळलेले शिक्षकाला मूळ बातमीशी ताडून सापडते, पण घातलेले मुलाला खरेच वाटते.

म्हणून मी लिहायच्या आधी प्रश्न काढते. मूळ बातमी दोनदा वाचायची आणि तिच्यावर असे प्रश्न लिहायचे, की ज्यांची उत्तरे चुकली तर बातमीच चुकली. या बातमीचे प्रश्न सहा झाले. हे कोणी सांगितले? कोणत्या महिन्यांबद्दल? कोणत्या भागाबद्दल? पाऊस किती, आणि तो कशाच्या तुलनेत? हे पक्के आहे का? सगळीकडे सारखेच आहे का? हा कागद बाजूला ठेवायचा. सोपा मजकूर लिहून झाला, की ज्याने मूळ बातमी पाहिलेली नाही अशा कोणाला तरी तो वाचायला देऊन हेच सहा प्रश्न विचारायचे. मी बहुधा सहावीतले एखादे मूल गाठते. आपण स्वतः तपासले तर उपयोग नसतो, कारण आपल्या डोक्यात मूळ बातमी असते आणि कागदावर नसलेलेही आपल्याला तिथे दिसते.

आता शब्द. कोणता बदलायचा आणि कोणता ठेवायचा? ‘पर्जन्यमान’, ‘संभवते’, ‘वर्तविले’ हे खुशाल काढावेत. त्यांच्या जागी ‘पाऊस’, ‘होऊ शकते’, ‘सांगितले’ आले तर काहीच बिघडत नाही. ‘सरासरी’, ‘टक्के’, ‘अंदाज’ मात्र काढू नयेत. ते बातमीचे खांब आहेत, आणि पुढेही जन्मभर लागणार आहेत. ते ठेवायचे आणि लगेच पुढच्या वाक्यात उलगडायचे.

उर्दू माध्यमात इथे एक गंमत होते. आमच्या मुलांना ‘अंदाज’ हा शब्द येतो, असे आपण धरून चालतो. पण उर्दूत अंदाज म्हणजे ढब, तऱ्हा. मराठीतल्या अंदाजाला उर्दूत ‘अंदाज़ा’ म्हणतात. ‘सरासरी’चे तर त्याहून अवघड. उर्दूत ‘सरसरी’ म्हणजे वरवरचे, जसे ‘सरसरी नज़र’. मूल ‘सरासरीपेक्षा जास्त’ असे वाचते आणि मनात ‘वरवरच्यापेक्षा जास्त’ असे काहीतरी धरून पुढे जाते. शब्द ओळखीचा वाटल्यामुळे ते विचारतही नाही. अवघड शब्दावर मूल निदान अडते, या जुळ्या शब्दांवर अडत नाही. म्हणून मी ‘सरासरी’जवळ तोंडी ‘औसत’ सांगते. उलट ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ समजावताना उर्दूचा आधार होतो. खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत, हे दोन्ही मूळचे अरबी शब्द, आणि रबीउल अव्वल मुलांच्या तोंडी असतोच.

आकड्यांचे काय करायचे? १०६ टक्के हा आकडा सातवीला पेलत नाही असे नाही, टक्केवारी ती शिकत असतात. पण शंभराच्या वरची टक्केवारी बघून ती गोंधळतात : शंभरात एकशे सहा कसे? म्हणून मी तो सेंटीमीटरमध्ये आणला. ८७ चे १०६ टक्के म्हणजे सुमारे ९२ सेंटीमीटर. पाच टक्क्यांची तफावत धरली, तर १०१ ते १११ टक्के, म्हणजे साधारण ८८ ते ९७ सेंटीमीटर. वर्गातल्या मीटरपट्टीवर ८७, ८८, ९२ आणि ९७ वर खुणा केल्या, तेव्हा ‘भरपूर’ या शब्दाची खरी उंची सगळ्यांना दिसली. नेहमीपेक्षा पाच सेंटीमीटर जास्त, आणि कमीत कमी अंदाज तर सरासरीच्या जेमतेम वर.

एक गोष्ट अशी, की आकडा एका वाक्यात आणि शंका पुढच्या वाक्यात ठेवली, तर मुले आकडा धरतात आणि शंका सोडून देतात. वाक्ये लहान करा, असे आम्हाला बी.एड.ला शिकवलेले असते आणि ते बरोबरच आहे; पण ‘मात्र’, ‘तरी’, ‘कारण’ यांनी जोडलेले वाक्य तोडले, की जोड हरवते. अशा जागी मी वाक्य थोडे लांब राहू देते. शेवटी फळ्याशेजारी लागला तो मजकूर असा :

‘भारतीय हवामान विभाग हे सरकारी खाते पावसाचा अभ्यास करते. सोमवारी, १५ एप्रिलला, या खात्याने पावसाळ्याचा अंदाज सांगितला. अंदाज म्हणजे अभ्यास करून आधीच केलेला हिशेब. तो पूर्ण खरा ठरेलच असे नाही. खाते म्हणते, की जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भारतात सरासरीपेक्षा थोडा जास्त पाऊस पडू शकतो. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांचा पाऊस पाहिला, तर दर पावसाळ्याची सरासरी ८७ सेंटीमीटर येते. या वर्षी पाऊस ९२ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण ८८ ते ९७ यांच्या मध्ये असू शकतो. हा सगळ्या देशाचा मिळून आकडा आहे, त्यामुळे तो आपल्या गावाचा आकडा नाही. वायव्य, पूर्व आणि ईशान्य भारताच्या काही भागांत तर पाऊस सरासरीपेक्षा कमीही पडू शकतो. मे महिन्याच्या शेवटी हे खाते पुन्हा नवा अंदाज सांगेल.’

हा मजकूर मूळ वाक्यापेक्षा बराच लांब झाला आहे. सोपे म्हणजे छोटे, हा समज इथे सोडावा लागतो. घट्ट बांधलेले गाठोडे सोडले की ते जास्त जागा घेणारच. जागा वाचवायची तर एखादे तथ्य अख्खे वगळावे, अर्धवट ठेवू नये. मी एल निनो अख्खा वगळला. प्रशांत महासागराच्या पाण्याच्या तापमानाचा आपल्या पावसाशी काय संबंध, हे चार-पाच वाक्यांशिवाय सांगता येत नाही, आणि सहा प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यावर अवलंबून नव्हते. नववीसाठी हीच बातमी लिहिताना मी तो ठेवते आणि सरासरीचे स्पष्टीकरण काढते.

‘तो आपल्या गावाचा आकडा नाही’ हा तुकडा मूळ बातमीत नाही, तो मी घातला आहे. मग मीही भर घातलीच की, असे कोणी म्हणेल. पण ‘देशभरात’ या शब्दात तो अर्थ आहेच. जाणता वाचक तो आपोआप काढतो, सातवीतले मूल काढत नाही. अर्थ उघडा करून ठेवणे आणि नवा अर्थ आणणे, यांतली रेघ बारीक आहे. मी एवढेच पाहते, की माझे वाक्य मूळ बातमीतल्या कोणत्या शब्दावर उभे आहे ते बोट ठेवून दाखवता येते का. शेतकऱ्यांच्या आनंदासाठी तसा शब्द सापडत नाही.

सहावीतल्या मुलाने सहापैकी पाच उत्तरे बरोबर दिली. ‘कोणत्या भागाबद्दल’ याला तो ‘वायव्य’ म्हणाला, कारण दिशेचा शब्द त्याला नवा होता आणि नवाच शब्द लक्षात राहतो. आम्ही मजकुराशेजारी भारताचा नकाशा लावला आणि त्यावर वायव्य, पूर्व, ईशान्य खडूने रंगवले. नकाशाने जे काम केले, ते आणखी दोन वाक्यांनी झाले नसते.

सप्टेंबर संपला तेव्हा देशाचा पाऊस सरासरीच्या १०८ टक्के भरला होता. पूर्व आणि ईशान्य भारतात मात्र तो ८६ टक्केच झाला. दोन्ही आकडे मुलांनी त्या जुन्या कागदाशी ताडून पाहिले. १०८ टक्के म्हणजे ९४ सेंटीमीटर, हे त्यांनीच काढले आणि मीटरपट्टीवर ९२ आणि ९७ यांच्या मध्ये नवी खूण केली.