पहिलाच मेसेज शिवीचा आला तर



आमच्या मंडळातर्फे दवाखान्यात पेशंटजवळ थांबणाऱ्या नातेवाइकांना संध्याकाळचा डबा जातो. नोंदणीचा व्हॉट्सअ‍ॅप असलेला फोन आम्ही चौघी पाळीपाळीने सांभाळतो. गुरुवार माझा. परवा सामायिक करून उठले, फोन हातात घेतला तर पावणेआठ वाजता अनोळखी नंबरावरून मेसेज आलेला. नाव नाही, गाव नाही, नुसती एक शिवी. आईवरून दिलेली.

माझे हात थरथरले, खोटं कशाला सांगू? साठी उलटून गेली तरी असा शब्द माझ्या नावाने आजवर कुणी उच्चारला नव्हता. हे म्हणाले, "ब्लॉक कर." सूनबाई म्हणाली, "आई, चांगलं सुनवा त्याला." मी मेसेज उघडलाच नाही, वरच्या पट्टीत तेवढा वाचला होता. उघडला की निळ्या खुणा दिसतात, आणि 'वाचून गप्प बसले' म्हणून समोरचा आणखी भडकतो. आधी पाणी प्यायले, उत्तर कागदावर लिहिलं, मग मेसेज उघडून तेच टाइप केलं:

"नमस्कार. हा डब्याच्या नोंदणीचा नंबर आहे. आज मी इथे आहे. पेशंट कोणत्या वॉर्डात आहे?"

यात शिवीचा उल्लेख कुठेही नाही, तो मुद्दाम टाळला. "नीट बोला" म्हटलं असतं तर डब्याचं राहून बोलण्यावरूनच भांडण लागलं असतं. "असं का बोलता?" विचारलं की माणूस आपली शिवी कशी बरोबर होती ते सांगत बसतो. "शांत व्हा" तर रागावलेल्या माणसाला कधीच म्हणू नये, घरातल्यालासुद्धा. माफीही मागितली नाही, कारण चूक काय तेच अजून ठाऊक नव्हतं. हात जोडल्याचं चित्रही नको, अशा वेळी ते टोमण्यासारखं दिसतं. प्रश्न मात्र एकच, दोन शब्दांत उत्तर देता येईल असा. डोकं तापलेलं असताना कुणाला मोठी हकीगत सांगता येत नाही, पण वॉर्डचं नाव सांगता येतं.

दहा-बारा मिनिटांनी उत्तर आलं. "हाडांचा वॉर्ड. दोन दिवस डबा नाही. फुकटचं म्हणून चेष्टा करता का?"

राग होताच, पण आता त्यात काम आलं होतं. मी रागाला हात न लावता फक्त काम उचललं. वही काढली. नोंद होती कॉट नंबर १४, आणि दोन्ही दिवस डबा 'दिला' अशी खूण. म्हणून विचारलं, "आमच्याकडे कॉट १४ लिहिली आहे. बरोबर आहे का?" कॉट मंगळवारी बदलली होती. आता ३१. आमचा मुलगा रोज चौदावर डबा ठेवून येत होता आणि तिथले नवे लोक तो आपला समजून घेत होते. आईचं ऑपरेशन झालेलं, तिला सोडून खाली जाता येईना, म्हणून तो मुलगा दोन रात्री बिस्किटांवर होता. आता माफी मागायला कारण होतं, ती एका ओळीत मागितली. शेजारच्या गल्लीतून डबा घेऊन ह्यांनाच पाठवलं. ब्लॉक करायला सांगणारे हेच.

प्रत्येक शिवीमागे उपाशी माणूस असतो असं मात्र नाही. मागे एकदा माझ्या अशाच उत्तरावर पुन्हा नुसती शिवीच आली. मग मी लिहिलं, "या नंबरावर फक्त डब्याचं काम होतं. ते असेल तर सांगा, नसेल तर मी इथेच थांबते." तिसऱ्या शिवीला उत्तर दिलं नाही. आपल्यात भाषा समिती सांगितली आहे तशी वचनगुप्तीही आहे. मोजकं बोलून झालं की तोंड मिटायचं.

आणि मेसेज अश्लील असेल किंवा धमकीचा असेल, तर पहिलं उत्तरसुद्धा देऊ नका. पाठवणारा तो नंतर पुसून टाकू शकतो, म्हणून नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट आधी काढा, घरात दाखवा, मग ब्लॉक करा. cybercrime.gov.in वर तक्रार देता येते. इथे लाज धरून लपवायचं काही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाचा मेसेज आला, "डबा मिळाला." शिवीबद्दल अवाक्षर नाही. मीही "बरं. आईंना आराम पडू दे" एवढंच लिहिलं. वहीत कॉट नंबर आता पेन्सिलने लिहितो, आणि दुपारी तीनला सगळ्यांना एक मेसेज जातो: "कॉट बदलली आहे का?"