आईच्या पायाची वही

गेल्या वर्षी १२ जुलैला आई न्हाणीघराच्या ओल्या पायरीवरून घसरली. वय शहात्तर. विठ्ठलवाडीहून रिक्षाने कल्याणच्या एका अस्थिरोग दवाखान्यात नेले. उजव्या घोट्याच्या बाहेरच्या हाडाला भेग होती, पण तुकडा जागेवरून हललेला नव्हता. पायाला सूज असल्यामुळे त्या दिवशी मागच्या बाजूने अर्धेच प्लास्टर बांधले. सूज उतरल्यावर, २२ जुलैला, पुन्हा एक्स-रे काढून गुडघ्याखाली पूर्ण प्लास्टर घातले. हाड जागेवरच होते.

९ ऑगस्टला, म्हणजे पडल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी, प्लास्टर सैल झाले म्हणून ते बदलले. पोटरी बारीक झाली की असे होते आणि सैल प्लास्टरात घोटा हलू शकतो. चिठ्ठीवर घाईच्या अक्षरात तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे २/५२ एवढेच होते. मी ते ‘एफ डब्ल्यू बी’ असे वाचले, म्हणजे पूर्ण भार. प्रत्यक्षात पहिले अक्षर ‘पी’ होते: वॉकरच्या आधाराने थोडाच भार, तोही प्लास्टर दोन दिवस वाळल्यावर. २/५२ म्हणजे वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी दोन, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आईने दुसऱ्या दिवशीच विचारले, “अरे, पाय टेकवायला खरंच सांगितलंय ना? टाचेपासून वर कळ जाते.” मी तिला चिठ्ठी दाखवली. तिचा माझ्या इंग्रजीवर विश्वास.

१२ ऑगस्टला प्लास्टरचा तळवा तडकला आणि घोटा ठणकू लागला. नव्या एक्स-रेकडे पाहून डॉक्टर म्हणाले, “तुकडा किंचित सरकल्यासारखा वाटतो. आधीची फिल्म आणलीत का?” ती घरी गादीखाली होती. आईला बाकावर बसवून मी रिक्षाने घरी जाऊन आलो. तो पाऊण तास मला अजून आठवतो. दोन्ही फिल्म शेजारी धरल्यावर हाड जागेवरच असल्याचे दिसले. फोटो थोड्या निराळ्या कोनातून निघाला होता. तरीही त्यांनी नवे प्लास्टर घालून दोन आठवडे भार पूर्ण बंद केला.

त्या रात्री मी सगळे कागद तारखेनुसार लावले आणि शाळकरी वही आडवी धरून रकाने आखले. प्रत्येक भेटीला एक ओळ दिली: तारीख, पडल्यापासूनचा दिवस, एक्स-रे, प्लास्टर, भार, पुढची तारीख. एक्स-रेच्या रकान्यात फोटो प्लास्टरसह की प्लास्टरविना, आणि आधीच्या फिल्मशी ताडून डॉक्टर काय म्हणाले, हे लिहिले. ‘ठीक’ हा शब्द मी वापरला नाही, कारण ‘जागेवर आहे’ आणि ‘जुळले आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लास्टरच्या रकान्यात बदलण्याचे कारणही नोंदवले.

भाराच्या रकान्यात आधी डॉक्टरांची अक्षरे जशीच्या तशी आणि खाली मराठीत अर्थ, तोही त्यांना विचारूनच. जे वाचता आले नाही, तिथे अंदाज न लिहिता प्रश्नचिन्ह केले. शिवाय ‘दोन आठवडे’ असे न लिहिता ‘२६ ऑगस्टपर्यंत’ असे लिहिले. पडल्यापासूनचे सहा आठवडे २३ ऑगस्टलाच भरत होते. नुसते आठवडे मोजत बसलो असतो, तर आईला तीन दिवस आधीच उभे केले असते.

२६ ऑगस्टला वही डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी प्लास्टर काढले. एक्स-रेत भेगेची रेघ अंधूक दिसत होती, म्हणून मी घाबरलो. ते म्हणाले, या हाडावरची रेघ पुसायला वेळ लागतो. दाबल्यावर दुखते का, तेही पाहायचे. त्यांनी दाबले, आईला दुखले नाही. मी ‘दाबल्यावर दुखणे’ हा नवा रकाना वाढवला. आता सल्ला होता: वॉकर घेऊन वजनाचा पाव हिस्सा. आईचे वजन ५२ किलो, म्हणजे १३ किलो. पण १३ किलो पायाला कळणार कसे? त्यांनी घरचा वजनकाटा वापरायला सांगितले. वॉकर धरून उजवे पाऊल काट्यावर ठेवायचे आणि काटा १३ दाखवील इतकेच दाबायचे. डावा पाय काट्याच्या उंचीच्या पाटावर. तीन-चार दिवसांत आईला तो भार अंगवळणी पडला.

हे आकडे आईचे. दुसऱ्याचे हाड आणि तारखा निराळ्या. आणि बोटे निळी वा बधिर पडली, पोटरी दुखून फुगली, किंवा प्लास्टरात कळ वाढतच गेली, तर वही उघडत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

९ सप्टेंबरच्या ओळीत ‘पूर्ण भार’ असे आहे. ते दोन शब्द मी डॉक्टरांकडूनच लिहून घेतले. आईने चष्मा लावून ते स्वतः वाचले आणि मगच वॉकर भिंतीशी ठेवला.