भाडेकपात : मेहेरबानी नव्हे, हिशेब

भाडेकरूने भाडे कमी करा म्हटले की समोरच्याला ती सवलतीची याचना वाटते. आणि खरे सांगायचे तर मागणाऱ्यालाही तसेच वाटत असते. आम्हालाही वाटले होते. म्हणून पहिल्या महिन्यात आम्ही जो घोळ घातला तो आधी सांगतो, कारण चळवळीतले अनेक तरुण आज ठाणे, पुणे, नवी मुंबईत भाड्याच्या घरात राहतात आणि हाच घोळ त्यांच्या हातून होऊ शकतो.

आम्ही दोघे ठाण्यात एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. भाडे महिना 24,000 रुपये. करारात खोलीसोबत एका दुचाकीची आणि एका चारचाकीची जागा लिहिलेली. राहायला आल्यावर तिसऱ्याच महिन्यात इमारतीला बांबूची परांची लागली, त्यावर हिरवी जाळी चढली आणि मोठी दुरुस्ती सुरू झाली. हातोडीने ठोकून पोकळ वाजणारे प्लास्टर शोधायचे, ते फोडायचे, आतल्या गंजलेल्या सळया साफ करायच्या आणि मग नवा थर द्यायचा, असे हे काम. त्यातले फोडण्याचे दिवस सर्वांत वाईट. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मशीन भिंतीत घुसल्यासारखी वाजते. आमच्यापैकी एकाला रात्रपाळी असते, म्हणजे दिवसाची झोप गेली. खिडक्या बंद, गॅलरीत सिमेंटची धूळ. गाड्यांच्या जागेवर वाळू, सिमेंटच्या गोण्या आणि बांबू.

संतापाच्या भरात आम्ही पुढच्या महिन्यात भाड्यातले 4,000 रुपये स्वतःच कापले. आठवडाभरात घरमालक काकांचा निरोप आला : भाडे थकले तर करारातल्या कलमाप्रमाणे महिन्याची नोटीस देईन आणि रक्कम डिपॉझिटमधून वळती करीन. म्हणजे त्रास सहन करणारे आम्ही, आणि कागदावर कसूरदारही आम्हीच!

असे का झाले? कारण आमचा करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा आहे. शहरांत आता बहुतेक घरे याच करारावर दिली जातात. बोलताना आपण स्वतःला भाडेकरू म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत आपण परवानाधारक असतो. भाडेपट्टा असेल तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 भाडेकरूला निर्वेध उपभोगाची हमी देते. परवान्याची व्याख्या मात्र सुविधाधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे, आणि त्यानुसार आपल्याला फक्त वापरण्याची परवानगी असते, मालमत्तेत हितसंबंध नसतो. जर्मनीत घराचा वापर दोषामुळे कमी झाला की दिवाणी संहितेच्या कलम 536 प्रमाणे भाडे आपोआप कमी होते. आपल्याकडच्या परवानाधारकासाठी तशी आपोआप कपात नाही. म्हणून आपल्या हाती उरतो तो करार, पुरावा आणि युक्तिवाद.

आम्ही कापलेले 4,000 रुपये भरले. सोबत लिहून दिले की पूर्ण भाडे भरत आहोत, परंतु गैरसोयीबद्दलची आमची मागणी कायम आहे. मग कामाला लागलो.

पहिले काम नोंदीचे. एका वहीत रोजची तारीख, काम किती वाजता सुरू, किती वाजता बंद आणि फोडकाम होते की नुसते रंग-प्लास्टर, एवढेच लिहायचे. हा फरक महत्त्वाचा आहे. परांची पाच महिने उभी होती, पण ती उभी असलेला प्रत्येक दिवस सारखा त्रासाचा नव्हता. "पाच महिने छळ झाला" म्हटले की समोरचा हसतो. वही सांगत होती की फोडकामाचे दिवस 38. गाडी बाहेर लावण्याचे महिना 2,000 रुपये जात होते, त्याच्या पावत्या ठेवल्या. परांचीचे आणि आमच्या जागेवर पडलेल्या वाळूचे फोटो तारखेसह काढले.

दुसरे काम करार पुन्हा वाचण्याचे. गाडीची जागा शब्दांत लिहिलेली होती, ही आमची सर्वांत पक्की बाजू. आणि सोसायटीच्या फलकावरची जुनी सूचना पाहिली तर दुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेत जुलैत झालेला, आमचा करार नोंदला गेला ऑगस्टमध्ये! काकांना काम येणार हे माहीत होते, आम्हाला कोणी सांगितले नाही.

मग हिशेब मांडला. गाडीच्या जागेचे 2,000 प्रमाणे पाच महिन्यांचे 10,000. भाडे दिवसाला 800 पडते. फोडकामाच्या दिवशी घराचा चौथा हिस्सा उपयोग गेला असे धरले, म्हणजे 200 रुपये, 38 दिवसांचे 7,600. एकूण 17,600. हा चौथा हिस्सा कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, तो आमचा अंदाज आहे, हेही पत्रात स्पष्ट लिहिले. जे अंदाजाचे ते अंदाजाचेच म्हणावे, त्याने बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास वाढतो.

काका म्हणाले, "अहो, काम सोसायटीचं आहे, मी काय करणार? माझ्या खिशातून दुरुस्तीचा वाटा गेलाय. आणि पार्किंग सोसायटीचं असतं, माझ्या मालकीचं नाही."

यातले दुसरे वाक्य खरे आहे. जागा सोसायटी वाटते, सभासद ती विकू शकत नाही. पण आम्ही विचारले, "काका, मग करारात तुम्ही ती आम्हाला कशी दिलीत? आमचा करार सोसायटीशी नाही, तुमच्याशी आहे." पहिल्या वाक्याचे उत्तरही तेच. दुरुस्तीने इमारतीचे आयुष्य वाढते, तो फायदा मालकाचा. आम्ही तर करार संपला की निघून जाणार. मग त्या दुरुस्तीच्या काळाचा भार पूर्ण आमच्यावर का?

"नाही पटत तर दुसरं घर बघा," असेही ते एकदा म्हणाले. दुसरे घर बघणे म्हणजे दलाली, सामान हलवणे आणि आमच्यासारख्यांना पुन्हा तोच प्रश्न : आडनाव काय? हे बळ त्यांच्या बाजूला आहे हे आम्ही जाणून होतो. पण जाळीमागच्या, धुळीच्या घराला त्या महिन्यांत 24,000 देणारा नवा माणूस मिळणे कठीण, हे तेही जाणून होते.

शेवटी 13,000 वर ठरले. गाडीचे पूर्ण 10,000 आणि आवाजाचे 3,000. पुढच्या पाच महिन्यांच्या भाड्यातून दरमहा 2,600 वजा. आम्ही तोंडी शब्दावर थांबलो नाही. रक्कम, महिने आणि "ही रक्कम थकबाकी धरली जाणार नाही" हे वाक्य लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. ते वाक्य नसते तर कापलेले पैसे डिपॉझिट परत करताना पुन्हा निघाले असते.

आवाजाच्या 4,600 रुपयांवर पाणी सोडावे लागले. त्यासाठी लघुवाद न्यायालयात जाणे परवडणारे नव्हते. पण पुढचा करार करताना आम्ही दोन वाक्ये जास्त लिहून घेणार आहोत : मंजूर झालेली कुठलीही मोठी दुरुस्ती मालकाने आधी सांगावी, आणि गाडीची जागा मिळाली नाही तर महिन्याला किती वजा होईल तो आकडा. सही करण्यापूर्वी सोसायटीचा फलक वाचायचा, हे तर आता ठरलेलेच.